सरलार्थ, ओल आणि चिखल

“सर, तुमचा मागचा लेख वाचला. कवितेच्या प्रत्येक ओळीचा गद्य अर्थ आधी लिहायचा, हा आग्रह मला पटत नाही. शाळेत याच सरलार्थापायी माझी कविता सुटली. कवितेचं शवविच्छेदन करून तिचा आत्मा सापडत नाही. ती थेट भिडते, नाहीतर भिडतच नाही.” – एक वाचक, फोंडा

तुमच्या शाळेतला तो सरलार्थ माझ्याही वाट्याला आला होता. गाइडात छापलेला असायचा, ‘या कडव्यात कवी म्हणतात की’ने सुरू व्हायचा आणि दोन वाक्यांत सगळं कडवं गिळून टाकायचा. पण मी ज्याबद्दल लिहिलं ते हे नव्हे. गाइडातला तो मजकूर म्हणजे घाईत काढलेलं तात्पर्य, वर नाव तेवढं सरलार्थाचं.

आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. पेडण्याच्या सरकारी कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या सोहिरोबानाथ आंबियांचं ‘हरिभजनाविण काळ घालवू नको रे’ हे पद तुम्ही अभिषेकीबुवांच्या आवाजात ऐकलं असेलच. त्यातलं एक कडवं असं:

विवेकाची ठरेल ओल, ऐसे की बोलावे बोल
आपुल्या मते उगिच चिखल कालवू नको रे

मी वर्गात हे दिलं की पहिलं उत्तर ठरलेलं: “विचार करून बोलावे, असा उपदेश संत करतात.” चुकीचं काही नाही, पण हे उत्तर कडवं न वाचताही लिहिता येतं. मग मी सांगतो, एकेका ओळीचं आजच्या मराठीत एक पूर्ण वाक्य करा. कर्ता-क्रियापद जागेवर आणा, एकही शब्द गाळू नका, आणि ओल ती ओलच ठेवा, तिचं ‘ज्ञान’ करू नका.

की लगेच अडतं. एका मुलीने लिहिलं होतं, “विवेकाची ओल ठरवली जाईल असे बोलावे.” वाक्य व्याकरणात बसतं, पण त्याला अर्थ नाही, आणि ते तिच्याच लक्षात आलं. ‘ठरणे’ म्हणजे इथे टिकणे, स्थिरावणे. ‘नजर ठरत नाही’ म्हणतो ना आपण, तेच ठरणे. मग वाक्य झालं: “ज्याने विवेकाची ओल टिकून राहील, असेच शब्द बोलावेत.” दुसरी ओळ सोपी: “स्वतःच्याच मताने विनाकारण चिखल कालवू नकोस.”

आता ही दोन साधी वाक्यं एकाखाली एक ठेवून बघा. ओल आणि चिखल. दोन्हींत तीच माती, तेच पाणी. एकात बी रुजतं, दुसऱ्यात पाय रुततो. म्हणजे कवी शहाणपण आणि मूर्खपणा असे दोन वेगळे पदार्थ समोर ठेवत नाही. आपलं मत त्याच मातीत जास्त ओतलं आणि ढवळत बसलं की ओलीचाच चिखल होतो. हे मला पद पाठ असूनही कित्येक वर्षं दिसलं नव्हतं. चालीवर ओळ इतकी सहज सरकते की ‘ओल’ फक्त ‘बोल’शी यमक जुळवायला आलीय असं वाटतं.

त्याच वर्गात शेतकऱ्याघरचा एक मुलगा म्हणाला, “सर, चिखल केल्याशिवाय भाताची लावणी होतच नाही. चिखल वाईट कसा?” गोव्यात हा प्रश्न यायलाच हवा! उत्तर गाळू नका म्हटलेल्या शब्दात होतं: ‘उगिच’. चिखल वाईट नाही, लावणी नसताना कालवलेला वाईट. गाइडाच्या दोन वाक्यांत सगळ्यात आधी उडतो तो हाच शब्द.

ध्रुपदाचंही तसंच. ‘अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको’ याचा अर्थ बहुतेक जण ‘अंतरी ज्ञानाचा दिवा लावा’ असा सांगतात. मालवणे म्हणजे विझवणे. वाक्य नीट लिहिलं की कळतं, दिवा आधीपासून पेटलेलाच आहे. लावायला कुणी सांगितलेलंच नाही. आणि या एका क्रियापदावर पदाची सगळी भूमिका फिरते.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य. घालवू, मालवू, कालवू, हालवू ही जी साखळी कानात वाजत राहते, ती माझ्या गद्य वाक्यांत कुठेच उरत नाही. जी कविता निव्वळ नादावर उभी असते, तिथे ही पद्धत फारशी कामाचीही नाही. म्हणून ती वाक्यं मी पेन्सिलीने लिहायला लावतो, आणि अर्थ लागला की पुन्हा मूळ कडवं मोठ्याने म्हणायला लावतो.

‘थेट भिडणं’ मीही नाकारत नाही. फक्त भिडलं ते कवीचं की आपलंच, हे एकदा तपासायला मला आवडतं. याच पदात पुढे ‘अनुभवावीण मान हालवू नको रे’ अशी ओळ आहे. तिचं एक वाक्य करून पाठवाल का? ‘मान हालवणे’ होकाराची की डोलण्याची, यावर आमच्या वर्गात दोन तट पडले होते.