भाडेकरारातली तारीख पेनाने बदलून भागत नाही

'सही झाली तरी राहायला गेल्यावरच भाडं सुरू. पंधरा दिवस उशीर होणार असेल तर मालकाला व्हॉट्सअ‍ॅप टाका, बाँडवरची तारीख खोडून नवी घाला, झालं काम!'

बेळगावात हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला.

भाडं कधी सुरू होणार, ते करारातल्या तारखेवर ठरतं. तुमचं सामान टेंपोतून कधी उतरलं, यावर नाही. मालकाने त्या तारखेला किल्ली तयार ठेवली असेल, तर रिकाम्या दिवसांचंही भाडं तो मागू शकतो.

माझ्या भाच्याने टिळकवाडीत दोन खोल्या घेतल्या. भाडं ९,००० रुपये, करार १० सप्टेंबर २०२५ पासून अकरा महिने. सही झाल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं की पितृपक्ष सुरू आहे. घटस्थापना २२ तारखेला, म्हणून राहायला जायचं ठरलं २४ला. चौदा दिवसांचे होतात ४,२०० रुपये. घरमालकीण काकूंनी निम्मे घेऊन सोडून दिलं, तो त्यांचा चांगुलपणा.

व्हॉट्सअ‍ॅप टाकायला हरकत नाही, पण 'बघू रे' म्हणजे होकार नव्हे, निळ्या टिका तर नाहीतच. भाच्याने लिहिलं होतं: 'काकू, करार २४ सप्टेंबरपासून धरूया, मधल्या दिवसांचे २,१०० देतो, चालेल का?' त्यावर 'चालेल' आलं. रक्कम आणि तारीख दोन्ही असलेला असा होकार पुढे दाखवता येतो.

खाडाखोड मात्र खरंच महागात पडते. एकट्याने तारीख बदलली तर तो कागद समोरच्यावर लादता येत नाही, वर तुमच्यावरच संशय. दोघांनी मिळून खोडलं तरी दोन्ही प्रतींवर, खोडलेल्या जागेशेजारी दोघांच्या सह्या हव्यात. नोटरी झाली असेल तर त्या कागदाला हात न लावलेला बरा. वेगळ्या स्टॅम्पवर छोटा पुरवणी करार करा: मूळ कराराची तारीख, जुनी सुरुवात, नवी सुरुवात, बाकी अटी कायम. करार केल्याची तारीख बदलायची नाही, बदलते ती भाडं सुरू होण्याची. बाँड लिहिणाऱ्याला हे दोनदा सांगा. आणि मजकूर कन्नडमध्ये असेल तर सहीआधी तारखा वाचून घ्या.

मेसेजमध्ये शेवटच्या तारखेचं नावच नाही. भाच्याचा करार ९ ऑगस्ट २०२६ला संपणार होता. नुसती सुरुवात सरकवली असती तर अकरा महिन्यांतले चौदा दिवस गेले असते, म्हणून शेवट २३ ऑगस्ट लिहून घेतला. भाडं द्यायचा दिवसही दहाचा चोवीस झाला. किल्ली घेताना त्याने विजेच्या मीटरचा फोटो काढून काकूंना पाठवला. मधल्या दिवसांत रंगाऱ्याने तिथे दिवे जाळले होते.