शेतकरी कल्याण, मार्गे मॅनहॅटन

ऑगस्ट संपत आला की आमच्या दाराची बेल जरा जास्तच वाजू लागते. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या बिझनेस स्कूलची प्रवेशाची पहिली फेरी सप्टेंबरात बंद होते, आणि मी फार पूर्वी एमबीए केले होते ही बातमी सोसायटीत कोणीतरी पसरवून ठेवलेली आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण पाचशे शब्दांचा निबंध घेऊन आला. विषय नेहमीचाच : एमबीएनंतर लगेच काय करणार, पुढे दहा-पंधरा वर्षांत काय करणार, आणि आजवरच्या कामातून हे कसे निघते. ‘काका, फक्त इंग्रजी बघा, बाकी सगळे झाले आहे,’ असे तो म्हणाला. मी तीन संध्याकाळी त्यावर घालवल्या. चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला की, कन्सल्टंटच्या मते जुनाच निबंध जास्त ‘इम्पॅक्टफुल’ आहे, त्यामुळे तोच पाठवत आहे, थँक्यू काका.

तेव्हा यापुढे खरा सल्ला द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे. लोकांना जो हवा असतो तोच द्यावा. आपणही यंदा अर्ज करणार असाल, तर पुढील मार्गदर्शनाचा अवश्य लाभ घ्यावा.

सर्वप्रथम, आपण आजवर काय काम केले याचा निबंधात सुगावा लागू देऊ नये. आमच्या तरुणाने चार वर्षे हिंजवडीत मोटार विम्याच्या क्लेमचे सॉफ्टवेअर बनवण्यात घालवली. निबंधात त्याला एक वाक्य मिळाले. त्याउलट आजोबांनी लहानपणी सांगितलेल्या कष्टाच्या गोष्टीला पूर्ण परिच्छेद मिळाला. प्रमाण हेच ठेवावे. आजोबा प्रवेशाला बसलेले नाहीत, हे समितीच्या लक्षात येणार नाही.

अल्पकालीन ध्येय म्हणून ‘एका अग्रगण्य जागतिक सल्लागार कंपनीत काम करणे’ एवढेच लिहावे. कोणत्या उद्योगाला सल्ला, कशाबद्दल सल्ला, आणि तो आपल्याकडून कोणी का घ्यावा, हे लिहू नये. मध्येच सांगतो, सल्लागार होण्यात काहीही गैर नाही. विम्यात चार वर्षे काढलेल्या माणसाने विमा कंपन्यांना सल्ला देणाऱ्या गटात जायचे आहे असे लिहिले, तर ते सरळ पटते. पण ते पटण्यासारखे असल्यामुळेच टाळलेले बरे.

उड्या मात्र तिन्ही एकदम माराव्यात. काम बदलावे, उद्योग बदलावा आणि देशही बदलावा : पुण्यातील विमा सॉफ्टवेअरमधून थेट न्यूयॉर्कच्या गुंतवणूक बँकेत. एक उडी नोकरी देणाऱ्याला समजते, दोन उड्या समजावून सांगता येतात. तीन उड्यांसाठी त्याला आपल्यावर निव्वळ विश्वास ठेवावा लागतो, आणि तो ठेवायला सगळे आतुर असतातच. त्यातही अभ्यासक्रम एका वर्षाचा निवडावा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते आणि नवे क्षेत्र जमते की नाही हे दोन्ही बाजूंना तपासता येते; हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात तो उन्हाळाच नसतो. म्हणजे तपासणीची कटकट संपली.

स्कूल दरवर्षी प्लेसमेंटचा अहवाल प्रसिद्ध करते. तो उघडू नये.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे दीर्घकालीन ध्येय. येथे शेतकरी आणावा. विदर्भातील असल्यास उत्तम, मराठवाड्यातील चालेल. ‘सल्लागार कंपनीतील अनुभवाच्या जोरावर मी अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी तंत्रज्ञानाधारित सामाजिक उपक्रम उभारीन,’ हे वाक्य मी या वर्षी चार निबंधांत वाचले. चारही लेखक सॉफ्टवेअरमधले, चौघांचे बालपण कोथरूड-बाणेरच्या पट्ट्यातले, आणि चौघांपैकी एकालाही सोयाबीनची काढणी कोणत्या महिन्यात होते हे सांगता आले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणाला मी विचारले की तू शेतात शेवटचा कधी गेला होतास. त्याने बराच विचार करून सांगितले की हुरडा पार्टीला. हुरडा पार्टी! पंचवीस वर्षांच्या आयुष्यातला शेतीशी संबंध एवढाच, आणि त्याच्या आधारावर हा माणूस परदेशातल्या अनोळखी परीक्षकाला सांगणार की याचे अवघे जीवन शेतकऱ्याच्या उद्धाराकडे वाहत चालले आहे. वाटेत फक्त दोन वर्षे वर्गात आणि पाच वर्षे मॅनहॅटनमध्ये मुक्काम. बरे, खरेच तळमळ असती, तर चार वर्षांत एखादा रविवार तरी बाजार समितीत गेला असता, पीक विम्याचा एखादा अर्ज भरून पाहिला असता. विम्याच्याच कंपनीचे काम करत होता ना? पीक विमा हा तर विमाच आहे. तेथवर पोचायला एक जिना चढायचा होता, तोही चढला नाही. शेतकरी या निबंधात माणूस म्हणून येत नाही, शेवटच्या परिच्छेदात टाकायची कोथिंबीर म्हणून येतो. दुसऱ्याच्या दुःखाची ही उचल करून आपण आपली सीट मागतो आहोत, याची लाज कोणालाच वाटत नाही. उलट त्याला ‘इम्पॅक्ट’ म्हणायचे.

असो. मार्गदर्शनाकडे वळू.

साहेबांकडून शिफारसपत्र घेताना निबंधात काय लिहिले आहे ते त्यांना सांगू नये. तुम्ही सामाजिक उद्योजक होणार आणि साहेब लिहिणार की हा आमचा पुढचा डिलिव्हरी मॅनेजर आहे. दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचले जातात, त्यामुळे समितीचे मनोरंजन होते.

आता त्या तीन संध्याकाळींत काय झाले तेही सांगतो, कारण त्यातले काहीच अर्जात गेले नाही. पहिल्या संध्याकाळी मी विचारले, ‘चार वर्षे नेमके काय केलेस?’ उत्तर आले, ‘रिक्वायरमेंट घेतल्या.’ दुसऱ्या संध्याकाळी चहा झाल्यावर एक टेम्पो निघाला. चाकणच्या एका छोट्या वाहतूकदाराचा टेम्पो ठोकला गेला होता आणि क्लेमची फाइल तीन आठवडे अडकली होती. याला कारण शोधायला बसवले. त्याने अडकलेल्या फाइली एकेक करून उघडल्या, तेव्हा दिसले की गॅरेजवाले अर्धेच फोटो पाठवतात, सर्व्हेयर उरलेले मागतो, त्या पत्रापत्रीत दिवस जातात. आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये उभी, मालकाचा धंदा बंद, हप्ता मात्र चालू. याने स्क्रीन बदलली. गाडीचे चारही बाजूंचे फोटो आणि आरसी बुक जोडल्याशिवाय गॅरेजला एस्टिमेट पुढे पाठवताच येईना. त्या शहरातल्या फाइली सुमारे अठरा दिवसांऐवजी अकरा दिवसांत निकाली निघू लागल्या. हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. अर्जात याचे वर्णन होते : ‘क्लेम मॉड्यूलमध्ये सुधारणा.’

तिसऱ्या संध्याकाळी मी त्याला विचारले की सात दिवस वाचले, पण त्यात विमा कंपनीचा फायदा झाला की तोटा. तो गप्प झाला. कंपनीने शंभर रुपये प्रीमियम घेतला आणि त्यातले किती क्लेमपोटी परत गेले, याला लॉस रेशो म्हणतात. क्लेम लवकर निघाले तर ग्राहक टिकतो, पण घाईत खोटा क्लेमही सुटून जाऊ शकतो, आणि मग हा आकडा चढतो. प्रीमियम कसा ठरतो, गॅरेजशी दर कसे ठरवतात, हे त्याला ठाऊक नव्हते, कारण तो कायम स्क्रीनच्या अलीकडे बसलेला. मी म्हटले, बाळा, एमबीए कशासाठी हवे याचे उत्तर तुला आत्ता सापडले. निबंध तेथूनच उलगडत गेला. अल्पकालीन ध्येय : एखाद्या सर्वसाधारण विमा कंपनीत मोटार क्लेमचा प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे जे काम ओळखीचे आहे त्याच्या पैशाची बाजू हातात घेणे. दीर्घकालीन : छोट्या मालवाहू गाड्यांच्या विम्याचा अख्खा व्यवसाय सांभाळणे, प्रीमियमपासून गॅरेजच्या जाळ्यापर्यंत. मग आम्ही ते उलटे वाचून पाहिले. तो व्यवसाय ज्याच्या हाती देतील त्याने आधी काय सांभाळलेले असेल? क्लेम. क्लेमचे काम याला का देतील? टेम्पोमुळे. मग आज का देत नाहीत? कारण आकड्यांची भाषा येत नाही. एकही सांधा निखळला नाही, आणि शेतकरी न आणताही माणसाचे भले होत होते, कारण गाडी सात दिवस आधी रस्त्यावर येत होती.

ते सगळे त्याने खोडले.

आता मात्र मला उपरोध पुरे झाला. अरे, ध्येये पुढे बदलतात हे त्या समितीलाही ठाऊक आहे. दहा वर्षांनी तुमच्या घरी येऊन कोणी सामाजिक उपक्रम कुठे आहे असे विचारणार नाही. ते एवढेच पाहतात की या माणसाला स्वतःच्या कामाचा अर्थ लावता येतो का, आणि हा म्हणतो ती नोकरी आमच्याकडून याला मिळण्यासारखी आहे का. त्याकरिता तुम्हाला खोटे बोलण्याचीही गरज नाही, आणि तरीही तुम्ही पैसे मोजून खोटे लिहून घेता! स्वतःच्या चार वर्षांची तुम्हाला एवढी लाज वाटते? मुलाखतीत एकच प्रश्न येईल : त्या अल्पकालीन पदावर माणसे घेणाऱ्या तीन कंपन्यांची नावे सांगा. मग शेतकरी येतो का तुमच्या मदतीला? ते कन्सल्टंट तरी येतात का? दुसऱ्याची तीन संध्याकाळची झोप मोडून मग ‘थँक्यू काका’ म्हणायचे, याला काय म्हणतात ते मी येथे लिहीत नाही.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवा, पाठवण्याआधी शेवटचा परिच्छेद तरी एकदा वाच. त्यात अजून तुझ्या आधीच्या अर्जातल्या स्कूलचे नाव आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत.