त्रिकोणी पर दिसला म्हणून ती मुशी नव्हे

पर बघून मुशी, म्हणजे शार्क, ओळखण्याचा एक सल्ला असा: "पाण्यावर सरळ त्रिकोणी पर दिसला की समजा शार्क. डॉल्फिनचा पर कोयत्यासारखा मागे वळलेला असतो. दोन पर दिसले तर शार्क दोन. आणि डॉल्फिन दिसत असतील तिथे शार्क येत नाही, बिनधास्त पोहा."

पहिल्या दोन वाक्यांत कोकण किनाऱ्यावर सर्रास दिसणारा डॉल्फिनच निसटतो. आपल्याकडच्या हम्पबॅक डॉल्फिनच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो आणि त्यावर छोटा, बराचसा त्रिकोणी पर. उलट काही मुशींचा पर चांगलाच मागे वळलेला असतो. म्हणून नुसत्या आकारावर जाऊ नका, पराच्या पायथ्याशी पाहा. मुशीच्या पराचं मागचं खालचं टोक पाठीपासून सुटं असतं आणि त्याखाली खाच दिसते. डॉल्फिनचा पर पाठीत सलग मिसळतो. अर्थात, पायथा पाण्याबाहेर असेल तरच हे कळतं.

तारकर्लीला होडीतून काढलेला एक फोटो मित्राने घाबरून मला पाठवला होता. मधोमध एकच काळा त्रिकोण. मोठा करून पाहिला तर त्रिकोणाखाली ओली, फुगीर पाठ चमकत होती. मी त्याच्याकडे लगेच पुढे काढलेले फोटो मागितले. दुसऱ्यात पाठ कमानीसारखी वाकलेली, तिसऱ्यात नुसतं पाणी. डॉल्फिनला फुप्फुसं असतात, श्वासाला वर यावंच लागतं; म्हणून त्याचा पर वर येतो, पुढे कलतो आणि बुडतो. मुशी कल्ल्यांनी श्वास घेते. ती वर आलीच तर पर बराच वेळ एकाच उंचीवर पाणी कापत जातो. मित्राच्या फोटोत डॉल्फिन होता. तो पहिला फोटो एकटाच आला असता आणि त्यात पराचं फक्त टोक असतं, तर मी काहीच सांगू शकलो नसतो.

दोन पर दिसले तर आधी ते कसे आहेत ते बघा. एकामागे एक, एकाच रेषेत असतील तर बहुधा ती एकच मुशी: पुढचा पाठीचा पर स्थिर, मागचं शेपटीचं टोक डावी-उजवीकडे हलणारं. डॉल्फिनची शेपटी आडवी असते, वर-खाली हलते, त्यामुळे पोहताना तिचं टोक असं उभं मागे राहत नाही. पण दोन टोकं शेजारी-शेजारी, एकाच वेळी वर येत असतील तर पाकट हा चपटा मासा असण्याची शक्यता मोठी. मोठं पाकट पृष्ठभागाजवळ पोहताना त्याच्या दोन्ही पंखांची टोकं पाण्याबाहेर येतात आणि लांबून जोडीने चाललेल्या दोन मुशी वाटतात. ही टोकं मऊ असतात, वाकतात, आणि अनेक जातींत खालची बाजू पांढरट असल्याने एका फोटोत काळी तर पुढच्यात फिकी दिसतात.

राहिला पोहण्याचा सल्ला. तो मुळीच मानू नका. डॉल्फिन आणि मुशी एकाच मासळीच्या थव्यामागे येतात, आणि मोठ्या मुशी कधीकधी डॉल्फिनचीच शिकार करतात.