अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे साधारण दीड तास

पूर्ण स्वयंचलित टॉप लोड मशीनमध्ये कपडे टाकले, झाकण लावलं, बटण दाबलं की डिस्प्लेवर आकडा येतो, ४८. आपण भाबडेपणाने घड्याळाकडे बघतो, हिशोब मांडतो, 'कपडे वाळत घातले की निघूच' असं घरात जाहीर करतो. तासाभराने मशीनपाशी जावं तर तिथे २१. दहा मिनिटांनी पुन्हा जावं, तरी २१. मग मशीनला थाप मारून बघायची. टीव्हीच्या रिमोटवर वर्षानुवर्षं चालत आलेला हा उपाय इथे चालत नाही.

मशीन खोटं बोलत नाही, हे मी तिच्या बाजूने आधीच सांगून टाकतो. घोटाळा आपल्या समजुतीचा आहे. तो आकडा दिसायला घड्याळासारखा असला तरी तो अंदाज असतो, आणि तोही बऱ्याच मशीनमध्ये कपड्यांचं वजन बघण्याआधी केलेला. बटण दाबल्यावर दिसतो तो त्या प्रोग्रॅमचा ठरीव वेळ. वजन त्यानंतर होतं.

आता हे वजन म्हणजे भाजीवाल्याचा काटा नव्हे. पाणी येण्याआधी तळाची चकती, म्हणजे पल्सेटर, कोरड्या कपड्यांखाली थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे फिरते. मोटरला झटका द्यायचा, वीज तोडायची आणि ती किती वेळ गरगरत राहते ते मोजायचं. कपडे जास्त असतील तर चकती लगेच अडते, कमी असतील तर ऐटीत फिरत राहते. इन्व्हर्टर मोटर असेल तर ती फिरवायला किती जोर लागला यावरूनही अंदाज बांधता येतो. त्यावरून पाण्याची पातळी ठरते आणि मग वेळ सुधारून दाखवला जातो. म्हणून खरा आकडा बघायचाच असेल तर पाणी सुरू झाल्यावर बघावा. पहिला आकडा फार मनाला लावून घेऊ नये.

इथेच आपण पहिला हातभार लावतो. कॉलर-बाह्यांना साबण लावून, बादलीत तासभर भिजवून, नीट न पिळता कपडे आत जातात. चकती त्या लगद्याखाली दबते आणि चार शर्टांना मशीन पोतंभर कपडे समजते. पाणी जास्त, वेळ जास्त. भिजवायचंच असेल तर मशीनच्या 'सोक'मध्ये भिजवावं. कपडे आत जाताना कोरडे असले की वजन बरोबर येतं.

पण खरा वेळखाऊ इसम वेगळाच आहे, आणि तो गच्चीवर राहतो. पाण्याची टाकी! मशीन 'पाच मिनिटं पाणी भरा' असं म्हणत नाही, ते 'पातळी येईपर्यंत भरा' असं म्हणतं. टबाच्या बाजूने एक बारीक रबरी नळी वर सेन्सरपर्यंत गेलेली असते. पाणी चढलं की तिच्यातली हवा दबते आणि त्या दाबावरून पातळी कळते. पातळी येईपर्यंत आकडा जिथे आहे तिथे गोठतो. टॉवेलांसारखे सुती कपडे तर भरलेलं पाणी पिऊनही टाकतात. एक किलो टॉवेल दोन-अडीच लिटर सहज पितात. पातळी उतरते, व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो, पुन्हा वाट.

आता वरच्या मजल्याचा हिशोब बघू. टाकीतलं पाणी नळापासून दहा मीटर उंच असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या घरात ही उंची दोन-तीन मीटरच, म्हणजे पाव बारच्या आसपास. समजा, धुण्याला ५० लिटर आणि दोनदा खळबळायला पन्नास-पन्नास, असं एकूण १५० लिटर पाणी लागतं. मशीनने मिनिटाला १० लिटरचा अंदाज धरला असेल तर पाणी भरायला १५ मिनिटं. तुमच्याकडे मिनिटाला ४ लिटरच येत असेल तर साडेसदतीस. बावीस मिनिटं जास्तीची गेली, तीही नुसती पाणी भरण्यात.

हे तपासायला मेकॅनिक नको, बादली पुरते. मशीनची नळी तिच्या मागच्या बाजूने सोडवून वीस लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. बादली दोन मिनिटांत भरली आणि मशीन मात्र रडतखडत भरत असेल, तर दोष बहुतेक इनलेटच्या जाळीत. नळ बंद करायचा, प्लग काढायचा, नळी जिथे बसते तिथली छोटी जाळी पकडीने हळूच ओढायची. बोअरच्या पाण्यावर ती पांढऱ्या क्षारांनी बुजलेली असते. लिंबाच्या रसात तासभर ठेवून जुन्या टूथब्रशने घासली की सुटते. बादलीलाच पाच मिनिटं लागत असतील तर जाळी निर्दोष आहे. मग एकतर प्रेशर पंप बसवा, नाहीतर ४८ला ७० वाचायची सवय करा.

राहिला शेवटचा तमाशा, पिळण्याचा. आकडा ९वर येतो, टब वेग घेतो, धडधड होते, सगळं थांबतं आणि चक्क पुन्हा पाणी सुरू होतं! हा बिघाड नव्हे. मोठी चादर एकटी टाकली की तिचा एका बाजूला गोळा होतो (उशीचा अभ्रा तर पोटात चार मोजे घेऊन बसतो). असा गोळा दुसऱ्या बाजूपेक्षा अर्धा किलो जड असला आणि टब मिनिटाला ७०० फेरे घेत असला, तर तो टबाला सुमारे ७० किलोच्या जोराने बाहेर ओढतो. एक धडधाकट माणूस टबाला लोंबकळून सेकंदाला अकरा-बारा फेऱ्या मारतोय असं समजा. मशीनने थांबावं हेच बरं. मग ते पाणी भरून कपडे सैल करतं, पाणी सोडतं आणि पुन्हा पिळून बघतं. मिनिटाला ४ लिटरने ५० लिटर भरायला साडेबारा मिनिटं, हलवायला आणि सोडायला चार-पाच. ४८मध्ये आधीची बावीस आणि ही सतरा मिळवा, झाली सत्याऐंशी. जमलं नाही तर मशीन पुन्हा प्रयत्न करतं आणि शेवटी हात टेकून काहींमध्ये UE असं लिहून मोकळं होतं.

तिथवर जाऊच देऊ नये. पहिल्या धडधडीलाच पॉझ करून, टब पूर्ण थांबल्यावर झाकण उघडावं, गोळा सोडवावा आणि कपडे टबाच्या कडेने गोल पसरावेत. एकट्या चादरीला दोन टॉवेलांची सोबत द्यावी. कपडे नीट असूनही रोजच धडधड होत असेल तर मशीनच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर दाबून बघा. डुगडुगलं तर पाय फिरवून समतल करा. रेनकोट आणि प्लॅस्टिकची चादर मात्र पिळायला टाकूच नका. त्यांच्या घडीत पाणी अडकतं आणि ते भर वेगात एकदम सुटलं की मशीन जागेवरून उडी मारू शकतं.

फ्रंट लोडवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे पाणी कमी लागतं, पण हीटर असतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला २ किलोवॉटच्या हीटरला साडेदहा मिनिटं लागतात. विजेचा दाब २३०ऐवजी १९० असला तर हेच काम पंधरा मिनिटांवर जातं. तापमान येईपर्यंत तिथलाही आकडा ढिम्म. हाताने धुण्याची पावडर सढळ हाताने टाकली असेल तर फेस बसायची वाट बघणं आणि एक जादा खळबळ हे वेगळंच. एवढं सगळं होऊन आकडा शून्यावर आला तरी दार उघडत नाही, कारण बऱ्याच मशीनमधलं कुलूप आतली पट्टी गार झाल्यावरच सुटतं, एक-दोन मिनिटांनी. तो 'टक्' ऐकू येईपर्यंत हँडल ओढू नये. ओढल्याने दार लवकर उघडत नाही, हँडल तेवढं हातात येतं.