मनोरुग्ण म्हणून ॲडमिट झालात, तर क्लेमच्या पत्रात काय लिहायचं?

“मानसिक आजारासाठी ॲडमिट केलंत तर क्लेम विसरा, पॉलिसीत ते बसतच नाही. वर कंपनीवाले म्हणतात, गोळ्या घरीही चालल्या असत्या. त्यापेक्षा डिस्चार्ज कार्डावर दुसराच आजार लिहून घ्या.”

बसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं कलम 21(4) सांगतं की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही द्यावा. ऑगस्ट 2018 मध्ये विमा नियामक इर्डाने कंपन्यांना तसं लेखी कळवलंही. पण पत्रात नुसता कायदा लिहून भागत नाही. क्लेम तपासणारा पॉलिसी उघडून बसलेला असतो, त्याला तिथलंच कलम दाखवायचं. त्यासाठी दोन पानी शेड्यूल नाही, पॉलिसी वर्डिंगची पूर्ण पुस्तिका काढा. तिच्यात ‘मानसिक आजारा’ची व्याख्या आणि आंतररुग्ण उपचारांचं कलम शोधून क्रमांकासकट पत्रात उतरवा. ‘हॉस्पिटल’ची व्याख्याही वाचा. मनोरुग्णालय लहान असेल, तर अडवणूक इथेच होते. त्याचं नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडा.

घरी चाललं असतं, हा मुद्दा मात्र खरोखर धोक्याचा आहे. निव्वळ तपासणी किंवा निरीक्षणासाठीचं ॲडमिशन बहुतेक पॉलिसी वगळतात, आणि नकाराचं पत्र त्याच कलमावर बेतलेलं असतं. म्हणून पत्राचा गाभा निदान नाही, ॲडमिशनचं कारण. समजा, बायपोलर या मनोविकाराच्या मेनियात, म्हणजे अति उत्तेजित अवस्थेत, रुग्ण 12 दिवस दाखल होता. “तीव्र मेनियामुळे दाखल केले” एवढ्याने काम होत नाही. असं लिहा: “दाखल होण्याआधी चार रात्री झोप नाही, तोंडी औषध नाकारले, घरच्यांवर धावून गेले. पहिले दोन दिवस इंजेक्शन द्यावे लागले. लिथियम सुरू करून रक्तातील पातळी तपासली. नर्सिंग नोंदी सोबत.” यातलं प्रत्येक वाक्य इनडोअर केसपेपरमध्ये सापडलं पाहिजे. सापडत नसेल तर ते पत्रातून काढा. ॲडमिशन का गरजेचं होतं, याचं उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचं चार ओळींचं प्रमाणपत्रही घ्या. समुपदेशनातला खासगी तपशील आपण होऊन जोडू नका, त्याची इथे गरज नाही.

दुसरा आजार लिहून घेण्याचा सल्ला तर सरळ घात करणारा. कार्डावर ‘व्हायरल ताप’ आणि मेडिकलच्या बिलात लिथियम, ओलान्झापिन ही मनोविकाराची औषधं! तपासणाऱ्याला आणखी काय हवं? क्लेम जातोच, खोट्या माहितीवरून पॉलिसीही रद्द होऊ शकते.

हे सगळं केलं तरी काही क्लेम अडतात. दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनावरचा उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेलाच असतो. आजार पॉलिसीआधीचा असेल, तर प्रतीक्षा काळ लागतो. नकार आलाच तर नेमकं कोणतं कलम लावलं ते लेखी मागा, आणि त्या कलमाला धरून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथे महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो, वकिलाशिवाय.