कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपवरच्या रिव्ह्यूला उत्तर

"कास्टिंग आमचंच, पाठवलं आम्हीच. वर्षभर अडवून ठेवलं आणि परत देताना त्यावर १८ टक्के जीएसटीचं बिल लावलं. मजुरी वेगळीच. यांच्याकडे कुणी जॉबवर्क देऊ नये. एक स्टार."

नमस्कार साहेब. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. पण माल आम्ही अडवला, हे काही पटत नाही.

१० एप्रिल २०२४ च्या तुमच्या चलनावर २०० पंप हाउसिंग आली, किंमत नगाला ९०० रुपये. १६० मशीनिंग होऊन वेळेत गेली. उरलेली ४० सुद्धा तयार होती. "आमची ऑर्डर थांबलीय, गोडाऊनला जागा नाही, राहू द्या तुमच्याकडेच," असं तुमच्या स्टोअरवाल्यांनीच फोनवर सांगितलं. पावसाळाभर गंज लागू नये म्हणून बोअरला तेल मारून ती झाकून ठेवली. भाडं मागितलं नाही.

जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे कच्चा माल टॅक्स न भरता जॉबवर्कला पाठवता येतो, पण तो १ वर्षात परत न्यावा लागतो. नाही नेला, तर पाठवला त्याच दिवशी तुम्ही तो आम्हाला विकला असं धरतात. म्हणजे ४० नगांच्या ३६,००० वर ६,४८० रुपये टॅक्स तुमच्याकडे लागतो, त्यावर एप्रिल २०२४ पासूनचं व्याज. आणि मुदतीनंतर आम्ही माल परत दिला की ती आमची तुम्हाला विक्री ठरते. आम्ही नोंदणीकृत आहोत, बिल न करता साध्या चलनावर दिला तर उद्या नोटीस आमच्या दारात. म्हणून ते १८ टक्के. त्यातला एक रुपया माझ्या गल्ल्यात राहत नाही.

खरं तर तुम्ही त्या ४० नगांचं बिल आमच्या नावे केलंत तर ६,४८० चं क्रेडिट आम्हाला मिळतं, आणि आमच्या बिलाचं तुम्हाला. टॅक्स फिरून जागेवर येतो, अंगावर बसतं फक्त व्याज. तुमचं बिल अजून आलेलं नाही, त्यामुळे सध्या ते ६,४८० मी खिशातून भरायचे आहेत. तुमच्या ITC-04 मध्ये हे ४० नग परत न आलेले दिसतच असणार, आणि ते रिटर्न भरायचं काम माल पाठवणाऱ्याचं असतं. अडचण होती तर मुदत संपायच्या आत आयुक्तांकडे अर्जही करता आला असता, कच्च्या मालाला आणखी १ वर्षापर्यंत मुदत वाढवून मिळते.

हे सगळं फोनवर बोललो असतो तर बरं झालं असतं. एका स्टारवर आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपची नवी गिऱ्हाइकं तुटतात हो.

यापुढे वर्ष भरत आलेल्या चलनांची आठवण आमच्याकडून जाईल, तशी काहीतरी सोय करतोय. तुमच्या अकाउंटंटना आमच्या सीएंशी बोलायला सांगा, आणि मजुरीचं बिलही राहिलंय, तेवढं बघा.