एकक जुळलं, तरी उत्तर चुकू शकतं : एका शिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "सर, लेख वाचला, पण पटला नाही. एकक तपासून उत्तर बरोबर असल्याचं सिद्ध होतच नाही. ½, 2π, कार्यक्षमता यांना एककच नसतं. ते चुकले तरी एकक जुळतंच. अंदाजाचं म्हणाल तर इलेक्ट्रॉनचा अंदाज खेड्यातल्या पोराला कुठून येणार? नीटला फिजिक्सचे 45 प्रश्न, त्यात हे करायला वेळ कोणाकडे आहे? मी इकडे गावात बारावीच्या शिकवण्या घेतो. आमची पोरं सूत्रं पक्की पाठ करतात, तेवढं पुरे. तुम्ही त्यांच्या मागे नसता उद्योग लावताय."

सर, नमस्कार.

तुमचा पहिला मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच त्या लेखातल्या दोन्ही तपासण्या, म्हणजे उत्तराचं एकक जुळतं का आणि त्याचा आकार अंदाजात बसतो का, मी जोडीनं करायला सांगतो. एकीला जे दिसत नाही ते बरेचदा दुसरीला दिसतं. दोघींनाही न दिसणाऱ्या चुका आहेतच, त्यांच्याकडे पुढे येतो. आधी एकच गणित घेऊन बघू. आपल्याकडच्या बहुतेक पोरांच्या वावरात विहीर आणि मोटर असते, म्हणून तेच घेतो.

विहिरीतलं पाणी जमिनीपासून 12 मीटर खाली आहे. पंप मिनिटाला 600 लिटर पाणी वर आणतो. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 50 टक्के धरली, तर मोटरला किती वीजशक्ती लागेल?

सरळ सोडवलं तर मिनिटाला 600 म्हणजे सेकंदाला 10 लिटर, म्हणजेच सेकंदाला 10 किलो पाणी. ते 12 मीटर वर चढवायचं, म्हणून 10 × 9.8 × 12 = 1176 वॅट. ही झाली पाण्याला मिळालेली शक्ती. कार्यक्षमता निम्मी, म्हणून मोटरला 2352 वॅट लागतील. 746 नं भागलं की 3 एचपीपेक्षा थोडं जास्त येतं. वावरातल्या मोटरा 3 नाहीतर 5 एचपीच्या असतात, तेव्हा उत्तर जागेवर बसलं.

आता हेच गणित वर्गात कसकसं चुकतं ते बघा. एक मुलगा 600 हा आकडा तसाच घेतो. 600 × 9.8 × 12 = 70,560, त्याला 0.5 नं भागून 1,41,120, आणि पुढे 'वॅट' लिहून मोकळा. त्याचं सूत्र बरोबर होतं. P = mgh/t ची मिती काढली तर तीही शक्तीचीच येते, M L² T⁻³. म्हणजे नुसती मिती तपासून ही चूक सापडणार नाही, कारण मिनिटही काळच आणि सेकंदही काळच. पण आकड्यासोबत एकक ओढत नेलं असतं, तर ओळ अशी झाली असती : किलो प्रति मिनिट × मीटर प्रति सेकंद वर्ग × मीटर. याचं होतं ज्यूल प्रति मिनिट. वॅट म्हणजे ज्यूल प्रति सेकंद, तेव्हा 60 नं भागायचं राहिलंय हे त्या ओळीतच दिसतं. माझा सगळा आग्रह यासाठी आहे. शेवटी आठवून 'वॅट' चिकटवणं ही तपासणी नाही. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक लिहायचं आणि अंश-छेदात ते आकड्यासारखंच काटायचं, ही तपासणी.

समजा त्यानं एककं लिहिली नाहीत. मग दुसरी तपासणी उरते. 1,41,120 वॅट म्हणजे जवळपास 189 एचपी. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून एक पोट्टा म्हणाला, "सर, हे तं साऱ्या गावच्या मोटरा एकाच विहिरीवर लावल्यासारखं झालं ना जी!" त्यानं हिशेब केलेला नव्हता. 5 एचपीच्या 38 मोटरा होतात, म्हणजे तो बरोबरच बोलला होता.

दुसरी चूक याच्या उलट आहे. लिटरचं घनमीटर करताना 10⁻³ ऐवजी 10⁻⁶ घेतलं जातं, कारण घन सेंटिमीटरचं रूपांतर डोक्यात बसलेलं असतं. मग सेकंदाला 10 किलोऐवजी 0.01 किलो पाणी येतं आणि शेवटचं उत्तर निघतं 2.35 वॅट. इथे एककं अगदी चोख जुळतात. घनमीटर × किलो प्रति घनमीटर, कुठेच खोट नाही. चूक एककात नसून त्याच्या आधीच्या दहाच्या घातात आहे, आणि ती फक्त आकाराच्या अंदाजानंच सापडते. घरातला एलईडी बल्ब 9 वॅटचा असतो. त्याच्या चौथ्या हिश्श्यात पंप चालून मिनिटाला 600 लिटर पाणी वर येत असेल, तर शेतकऱ्याला वीजबिलाची काळजीच उरली नसती.

तिसरी चूक तुम्ही म्हणता तीच, कार्यक्षमतेची. भागायच्या ऐवजी गुणलं की 1176 × 0.5 = 588 वॅट. एकक बरोबर, कारण कार्यक्षमतेला एकक नाही. आकारही ओरडून चूक सांगत नाही, कारण 588 वॅट म्हणजे 0.8 एचपी, आणि 1 एचपीची मोटर बाजारात मिळते. म्हणून इथे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : कोण मोठं असायला हवं? पाण्याला 1176 वॅट मिळाले आणि मोटरनं विजेतून 588 च घेतले, असं होऊ शकत नाही. घेतलेलं दिलेल्यापेक्षा जास्तच असलं पाहिजे. कार्यक्षमता, वक्रीभवनांक, रोहित्राचे फेरे, जिथे जिथे बिनएककाचं गुणोत्तर येतं तिथे 'गुणायचं की भागायचं' हा घोळ होतो, आणि तिथे हा एक प्रश्न कामाला येतो.

तिन्ही चुकांमध्ये सूत्र बरोबर होतं, सर. ते पाठच होतं. पाठांतराला माझा विरोध नाही, पण या तिघांना त्यानं वाचवलं नाही.

आता 2π. हा बिनएककाचा असला तरी लहान नाही, सहाच्या वर आहे. 0.85 मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल काढा. l/g चं वर्गमूळ 0.2945 सेकंद येतं, आणि 2π नं गुणल्यावर 1.85 सेकंद. गुणायचं राहिलं तर एकक सेकंदच राहील. पण दोरीला बांधलेली बादली एकदा हलवून बघितलेल्या मुलाला कळतं, की जेमतेम दोन हात दोरीची बादली सेकंदात तीनदा जाऊन येत नाही. साधारण एक मीटरच्या लंबकाला जाऊन यायला 2 सेकंद लागतात. एवढं एक लक्षात ठेवलं तर 0.85 मीटरचं उत्तर 2 च्या किंचित खालीच हवं.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून हाच अंदाज तिथे दुप्पट उपयोगी पडतो. लॉग टेबलमधून आपल्याला अंक मिळतात, 1850 असे. दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते कॅरॅक्टरिस्टिकवर ठरतं, आणि पोरं चुकतात ती तिथेच. 0.85 चा लॉग 1̄.9294. त्यातला बार सुटला की उत्तर दुसरीकडेच जातं. उत्तर 2 च्या जवळ येणार हे आधीच समासात लिहून ठेवलं असेल, तर 18.5 किंवा 0.185 दिसताक्षणी मुलगा मागे वळून बार शोधतो.

½ मात्र खरंच अवघड. विहिरीत खडा टाकला, पाणी 19.6 मीटर खाली आहे, किती वेळानं पोचेल? बरोबर उत्तर 2 सेकंद. h = ½gt² मधला ½ विसरला तर 1.41 सेकंद. एकक तेच, आकारही जवळपास तोच, आणि कानानं ऐकूनही कोणाला हा फरक खात्रीनं सांगता यायचा नाही. इथे दोन्ही तपासण्या हरतात, हे मी मुलांना स्पष्ट सांगतो. दोन-तीन पटीच्या आतली चूक पकडायची तर वाटच बदलावी लागते. 2 सेकंदांत वेग 0 पासून 19.6 मीटर प्रति सेकंद झाला, म्हणजे सरासरी 9.8. गुणिले 2 सेकंद, 19.6 मीटर. जुळलं. 1.41 घेऊन हेच केलं तर वेग 13.8, सरासरी 6.9, अंतर जेमतेम 9.8 मीटर. खडा अर्ध्या विहिरीतच राहिला.

इलेक्ट्रॉनबद्दल तुम्ही विचारलंत. तो कोणालाच हाताळता येत नाही, शहरातल्या पोरालाही नाही. तिथे अनुभवाची जागा दोन-तीन ठरलेले आकडे घेतात. अणूचा आकार 10⁻¹⁰ मीटरच्या घरातला. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण 2 ते 3 इलेक्ट्रॉनव्होल्ट. नेहमीच्या धातूंचं कार्यफल 2 ते 5 इलेक्ट्रॉनव्होल्ट. ज्यूलचं इलेक्ट्रॉनव्होल्ट करताना 1.6 × 10⁻¹⁹ नं भागायच्या ऐवजी गुणलं की 10⁻³⁸ सारखं काहीतरी येतं. ज्याला फोटॉनचे 2-3 माहीत आहेत तो तिथेच थांबतो. एवढे आकडे पाठ करायला तुमची पोरं नक्कीच मागे राहणार नाहीत.

राहिला वेळ. एककं गणितासोबतच लिहीत गेलं तर सवय झाल्यावर वेगळा वेळ लागत नाही. अंदाजाला काही सेकंद पुरतात, कारण तो पूर्ण आकड्यांचा असतो : 9.8 ऐवजी 10 घ्यायचे आणि 10 × 10 × 12 म्हणजे 1200, दुप्पट 2400. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, आणि चुकीचे पर्याय बरेचदा याच चुका धरून केलेले असतात. वरच्या गणिताला 588, 1176, 2352 आणि 1,41,120 वॅट असे पर्याय दिले, तर मिनिट विसरलेल्याला त्याचं उत्तर समोर छापलेलंच दिसतं आणि तो खुशीनं गोल भरतो.

म्हणून मी आधी पर्यायांकडे बघायला सांगतो. ते दहा-शंभर पटींनी लांब असतील तर 2400 च्या अंदाजावरच गोल भरता येतो, पुढचा गुणाकार करायचीही गरज नाही. ते दुपटीच्या अंतरावर असतील, जसे इथे 588, 1176 आणि 2352 आहेत, तर अंदाजावर विसंबू नये. तिथे कार्यक्षमतेनं भागायचं की गुणायचं, हे नीट ठरवूनच पुढे जावं.